एकच लेथ, दोन पद्धती: घसाऱ्याचा दर सारखा असूनही उत्तरं वेगळी का येतात

प्रश्न: "बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. ३,१२,५०० रुपयांच्या लेथ मशीनवर २० टक्के घसारा काढायचा होता. सरळ रेषा पद्धतीने पाच वर्षांत मशीन शून्य होतं, घटत्या शिलकेच्या पद्धतीने १,०२,४०० उरतात. मशीन एकच, दर एकच, मग खरी किंमत कोणती? आणि दुसऱ्या पद्धतीत मोड किंमत का वजा करत नाहीत?"

उत्तर:

तुमची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. घोटाळा "दर एकच" या समजुतीत आहे. टक्के म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा, कशाचे टक्के? सरळ रेषा पद्धतीत ते दरवर्षी मूळ किमतीचे असतात, म्हणून घसारा दरवर्षी ६२,५०० येतो. घटत्या शिलकेच्या पद्धतीत ते त्या वर्षाच्या सुरुवातीला जी पुस्तकी किंमत उरली असेल तिचे असतात. पहिल्या वर्षी ३,१२,५०० चे, दुसऱ्या वर्षी २,५०,००० चे, तिसऱ्या वर्षी २,००,००० चे. आकडा २० असला तरी ज्या रकमेवर तो लागतो ती रक्कमच वेगळी आहे, त्यामुळे हे दोन स्वतंत्र दर आहेत असंच धरा.

आणि "खरी किंमत" यातली कोणतीच नाही. मशीनवर खर्च केलेल्या रकमेपैकी जो भाग अजून नफा-तोट्याला नावे टाकलेला नाही, तो म्हणजे पुस्तकी किंमत. जुन्या बाजारात लेथला काय भाव मिळेल हे ती सांगत नाही. घसारा ही खर्च वेगवेगळ्या वर्षांवर वाटण्याची रीत आहे. कोणत्या वर्षाने किती भार उचलायचा एवढंच पद्धत ठरवते. एकूण भार दोन्हीकडे सारखाच राहतो, आणि खाली विक्रीच्या उदाहरणात तो रुपयापर्यंत जुळवून दाखवतो.

कोणती पद्धत घ्यायची, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. मालमत्ता कशी झिजते, गणितात दर दिलाय की आयुष्य, आणि हिशोब कंपनी कायद्यासाठी आहे की आयकरासाठी, यावर ते ठरतं. त्याकडे शेवटी येऊ.

आधी ३,१२,५०० हा आकडा

पाया चुकला तर दोन्ही पद्धतींची सगळी वर्षं चुकतात. समजा लेथचं बिल २,९०,००० रुपयांचं आहे. ट्रकचं भाडं आणि उतरवण्याची क्रेन मिळून ९,५००. काँक्रीटचा पाया, वायरिंग, बसवणी आणि चाचणी मिळून १३,०००. बेरीज ३,१२,५००. मशीन काम करण्याजोगी होईपर्यंतचा असा खर्च मशीनच्या किमतीत जातो. त्यानंतरचं तेल, पट्टा, वार्षिक देखभाल हा त्या त्या वर्षाचा महसुली खर्च. बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तो कर किमतीत मिळवायचा नाही, कारण एकाच रकमेचं क्रेडिटही घ्यायचं आणि घसाराही काढायचा हे कायद्याला मान्य नाही. क्रेडिट मिळतच नसेल, उदाहरणार्थ व्यापारी कंपोझिशन योजनेत असेल, तर मात्र तो कर किमतीचा भाग होतो. आपल्या उदाहरणात क्रेडिट घेतलंय असं धरू.

मशीन १ एप्रिल २०१८ ला वापरात आलं. वर्ष ३१ मार्चला संपतं.

तुलना करायची तर दोघांना एकाच मुक्कामाला पोचवा

दोन्ही पद्धतींना २० टक्के लावून निकाल ताडून पाहणं ही तुलनाच होत नाही, कारण त्यात दोन्ही हिशोब वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन थांबतात. मशीनबद्दलचा अंदाज एकच ठेवा आणि दर त्यातून निघू द्या. समजा वर्कशॉपचा मालक म्हणतो, "पाच वर्षं वापरणार आणि मग विकून टाकणार. तेव्हा १,०२,४०० येतील." म्हणजे किंमत ३,१२,५००, आयुष्य ५ वर्षं, मोड किंमत १,०२,४००. पाच वर्षांत नफा-तोट्याला एकूण टाकायचे २,१०,१००.

सरळ रेषा पद्धतीत २,१०,१०० ला ५ ने भागा. दरवर्षी ४२,०२०. मूळ किमतीशी हे प्रमाण १३.४५ टक्क्यांच्या आसपास पडतं.

घटत्या शिलकेच्या पद्धतीत विचार उलट्या दिशेने करावा लागतो. दरवर्षी शिलकेचा ठरावीक हिस्सा उरत गेला, तर पाच वर्षांनी ३,१२,५०० चे १,०२,४०० व्हायला तो हिस्सा किती हवा? १,०२,४०० भागिले ३,१२,५०० म्हणजे ०.३२७६८. त्याचं पाचवं मूळ ०.८. म्हणजे दरवर्षी ८० टक्के उरले पाहिजेत, आणि घसारा २० टक्के. तुमच्या गणितातले २० टक्के इथे नीट बसतात. सरळ रेषा पद्धतीसाठी मात्र या मशीनला २० टक्के फार जास्त होतात, म्हणून तुमचं मशीन पाच वर्षांत शून्यावर आलं.

| वर्ष | सरळ रेषा: घसारा | वर्षअखेर शिल्लक | घटती शिल्लक: घसारा | वर्षअखेर शिल्लक |
|---|---|---|---|---|
| २०१८-१९ | ४२,०२० | २,७०,४८० | ६२,५०० | २,५०,००० |
| २०१९-२० | ४२,०२० | २,२८,४६० | ५०,००० | २,००,००० |
| २०२०-२१ | ४२,०२० | १,८६,४४० | ४०,००० | १,६०,००० |
| २०२१-२२ | ४२,०२० | १,४४,४२० | ३२,००० | १,२८,००० |
| २०२२-२३ | ४२,०२० | १,०२,४०० | २५,६०० | १,०२,४०० |

दोन्ही घसारा स्तंभांची बेरीज २,१०,१०० येते. पहिली दोन वर्षं घटत्या शिलकेचा भार जास्त, तिसऱ्या वर्षापासून कमी. आलेख काढलात तर पुस्तकी किमतीची सरळ रेषा आणि वक्र रेषा एकाच बिंदूतून निघून एकाच बिंदूला मिळतात, आणि मधल्या काळात वक्र सरळ रेषेच्या खालून जातो. परीक्षेत "फरक स्पष्ट करा" आलं तर या पाच ओळींतून सगळे मुद्दे निघतात, पाठांतराची गरज उरत नाही.

मोड किंमत दुसऱ्या पद्धतीत का वजा होत नाही

ती विचारात घेतलेली असतेच, पण दर काढताना. वरच्या भागाकारात १,०२,४०० हाच अंश होता. दरात एकदा शिरलेली मोड किंमत रकमेतून पुन्हा वजा केली तर ती दोनदा मोजली जाते.

चूक करून पाहा. ३,१२,५०० मधून १,०२,४०० वजा करून २,१०,१०० वर २० टक्के लावले, तर पहिल्या वर्षी ४२,०२० येतात. हा आकडा सरळ रेषेच्या घसाऱ्याशी नेमका जुळतो आणि त्यामुळे बरोबर वाटतो. पण पुढच्या वर्षी उरलेल्या १,६८,०८० वर २० टक्के म्हणजे ३३,६१६, आणि असंच पुढे. पाच वर्षांनी पुस्तकात मशीन सुमारे १,७१,२४६ ला उभं राहतं, जिथे ते १,०२,४०० ला यायला हवं होतं. उत्तर तपासायचं तर शेवटच्या वर्षाची शिल्लक मोड किमतीवर येते का ते बघा. मोड किमतीपेक्षा बरीच वर राहिली असेल, तर बहुधा ही चूक झालेली असते.

याच सूत्रातून पद्धतीची मर्यादाही दिसते. मोड किंमत शून्य धरली तर शून्याचं पाचवं मूळ शून्यच, आणि दर १०० टक्के निघतो. म्हणजे पहिल्याच वर्षी सगळं मशीन खर्ची पडतं. ८० टक्के उरत राहिले तर कितीही वर्षं गेली तरी काहीतरी उरणारच, म्हणून या पद्धतीला मोड किंमत, निदान नाममात्र तरी, लागतेच. ज्या मालमत्तेतून शेवटी काहीही मिळणार नाही, उदाहरणार्थ ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा किंवा पेटंट, तिला सरळ रेषा पद्धत जास्त शोभते ती यामुळेच.

सरळ रेषा पद्धतीत प्रश्नाची भाषा नीट वाचा. आयुष्य आणि मोड किंमत दिली असेल तर मोड किंमत वजा करून भागाकार करायचा. "मूळ किमतीवर द.सा. २० टक्के" असा थेट दर दिला असेल तर तो पूर्ण मूळ किमतीवर लावायचा, मोड किंमत वजा करायची नाही. तुमच्या मूळ प्रश्नात दर थेट दिला होता, म्हणून ६२,५०० बरोबर.

दोन पद्धतींना दोन दर लागतात हे कायद्यातही दिसतं. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या चौदाव्या परिशिष्टात एका पाळीत चालणाऱ्या सर्वसाधारण यंत्रांना सरळ रेषेने ४.७५ टक्के आणि घटत्या शिलकेने १३.९१ टक्के असे दोन दर शेजारी शेजारी छापलेले होते. हे आकडे वेगळे दिसले तरी अंदाज एकच आहे, वीस वर्षांत ९५ टक्के किंमत खर्ची टाकायची. ९५ भागिले २० म्हणजे ४.७५. आणि ०.०५ चं विसावं मूळ एकातून वजा केलं की १३.९१ टक्के. २०१३ च्या कायद्याने दर काढून टाकले आणि दुसऱ्या परिशिष्टात आयुष्य दिलं. सर्वसाधारण यंत्रांना १५ वर्षं, आणि मोड किंमत सहसा मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्यातून सरळ रेषेचा दर ६.३३ आणि घटत्या शिलकेचा सुमारे १८.१० टक्के निघतो. एकदा हे दोन्ही कॅल्क्युलेटरवर स्वतः काढून बघा.

पाचवं किंवा पंधरावं मूळ हाताने काढायची गरज नाही. स्प्रेडशीटमध्ये असं टाइप करा:

```
=1-(102400/312500)^(1/5)
=SLN(312500,102400,5)
=DB(312500,102400,5,1)
```

पहिल्यातून ०.२ येतं, दुसऱ्यातून ४२,०२०, तिसऱ्यातून पहिल्या वर्षाचे ६२,५००. शेवटचा १ म्हणजे कितवं वर्ष. `DB` दर तीन दशांश स्थळांपर्यंतच ठेवतं, त्यामुळे आयुष्य मोठं असलं की शेवटी थोडा फरक राहतो. `DDB` नावाचं तिसरं फंक्शन मात्र इथे वापरू नका. ते सरळ रेषेच्या दराच्या दुप्पट, म्हणजे पाच वर्षांसाठी ४० टक्के लावतं आणि पहिल्याच वर्षी १,२५,००० दाखवतं. नाव सारखं दिसतं म्हणून ते घेतलं जातं आणि मग उत्तर का जुळत नाही ते कळत नाही.

मध्येच विकलं तर

तुमच्याच दराने जाऊ, दोन्हीकडे २० टक्के. समजा ३० सप्टेंबर २०२१ ला लेथ १,२०,००० ला विकलं.

सरळ रेषेने ३१ मार्च २०२१ पर्यंत तीन वर्षांचा घसारा १,८७,५००, शिल्लक १,२५,०००. विक्रीच्या वर्षात एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचा घसारा ३१,२५०. विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत ९३,७५०. आले १,२०,०००, म्हणून २६,२५० नफा.

घटत्या शिलकेने ३१ मार्च २०२१ ची शिल्लक १,६०,०००. त्यावर वर्षाचे ३२,०००, सहा महिन्यांचे १६,०००. विक्रीच्या दिवशी १,४४,०००. आले तेवढेच १,२०,०००, म्हणून २४,००० तोटा.

तेच मशीन, तोच गिऱ्हाईक, तोच चेक, आणि एका पुस्तकात नफा तर दुसऱ्यात तोटा. आता एकूण भार मोजा. सरळ रेषेने घसारा १,८७,५०० आणि ३१,२५० मिळून २,१८,७५०, त्यातून नफा २६,२५० वजा, राहिले १,९२,५००. घटत्या शिलकेने घसारा ६२,५००, ५०,०००, ४०,००० आणि १६,००० मिळून १,६८,५००, त्यात तोटा २४,००० मिळवला की १,९२,५००. आणि ३,१२,५०० ला घेऊन १,२०,००० ला विकलेल्या मशीनने मालकाचे गेले किती? १,९२,५००.

म्हणून विक्रीवरचा नफा किंवा तोटा ही बरीचशी आधीच्या घसाऱ्याची दुरुस्ती असते. सरळ रेषेने २० टक्के लावून आधी जास्त घसारा टाकला होता, तो नफा म्हणून परत आला. घटत्या शिलकेने कमी पडला होता, तो तोटा म्हणून शेवटी आला. विक्रीचं कोणतंही गणित सोडवून झालं की घसारा अधिक तोटा किंवा वजा नफा ही बेरीज, खरेदी वजा विक्री या वजाबाकीशी ताडून बघा. अर्ध्या मिनिटात चूक सापडते. जुळलं नाही तर पहिला संशय विक्रीच्या वर्षातल्या सहा महिन्यांच्या घसाऱ्यावर घ्या. तो बहुधा बेरजेत एक आणि विक्रीच्या दिवसाची पुस्तकी किंमत काढताना दुसराच धरलेला असतो. मात्र ही तपासणी एका चुकीला पकडत नाही. घसारा आणि नफा-तोटा दोन्ही एकमेकांना भरून काढतील असे चुकले असतील तर बेरीज तरीही जुळते. त्यामुळे विक्रीच्या दिवसाची पुस्तकी किंमत वेगळी तपासा.

रोजकीर्दीत घटत्या शिलकेच्या नोंदी अशा येतील. ३० सप्टेंबरला घसारा खाते नावे १६,०००, यंत्र खाते जमा. बँक खाते नावे १,२०,०००, यंत्र खाते जमा. नफा-तोटा खाते नावे २४,०००, यंत्र खाते जमा. यंत्र खात्याच्या नावे बाजूला १,६०,००० होते, जमा बाजूला १६,०००, १,२०,००० आणि २४,००० मिळून तेवढेच झाले, खातं बंद. घसारा खातं वर्षअखेरीस नफा-तोट्याला नेऊन बंद करायचं.

काही ठिकाणी घसारा यंत्र खात्याला जमा करत नाहीत, त्यासाठी स्वतंत्र घसारा तरतूद खातं ठेवतात. मग यंत्र खात्यावर शेवटपर्यंत ३,१२,५०० च दिसतात. इथे घटत्या शिलकेचं गणित हमखास चुकतं, कारण विद्यार्थी यंत्र खात्याची शिल्लक बघून त्यावर २० टक्के लावतो आणि नकळत सरळ रेषा पद्धत वापरून बसतो. यंत्र खात्याच्या शिलकेतून तरतूद खात्याची शिल्लक आधी वजा करा, मगच टक्के लावा.

वर्षाच्या मध्ये घेतलं तर

हेच लेथ १ ऑक्टोबर २०१८ ला आलं असतं, तर पहिल्या वर्षी दोन्ही पद्धतींनी सहा महिन्यांचे ३१,२५० पडले असते. शिल्लक २,८१,२५०. वाटा दुसऱ्या वर्षी फुटतात. सरळ रेषेने पुन्हा मूळ किमतीवर, म्हणजे ६२,५००. घटत्या शिलकेने २,८१,२५० वर, म्हणजे ५६,२५०. "सहा महिने" ही गोष्ट पहिल्या वर्षापुरती आहे, ती पुढे ओढायची नाही. सरळ रेषेने अर्धं वर्ष पहिल्या टोकाला गेलं की उरलेलं अर्धं शेवटच्या टोकाला येतं, त्यामुळे पाच वर्षांचं आयुष्य सहा हिशोबी वर्षांत पसरतं आणि सहाव्या वर्षी ३१,२५० पडतात. तिथे ६२,५०० टाकले तर शिल्लक उणे होते, ती खूण लक्षात ठेवा.

प्रश्नात दरापुढे "द.सा." लिहिलंय का तेही बघा. ते नसेल तर काही पुस्तकं खरेदीची तारीख कोणतीही असली तरी पूर्ण वर्षाचा घसारा धरतात. तुमच्या शिक्षकांची रीत विचारून घ्या आणि उत्तराखाली तुम्ही काय गृहीत धरलं ते एका ओळीत लिहा.

मग कोणती पद्धत घ्यायची

मशीनपासून मिळणारा फायदा कसा सरतो ते बघायचं. लेथ नवं असताना अचूकता चांगली असते, जास्त भावाची कामं मिळतात, दुरुस्ती जवळजवळ नसते. पुढे बेअरिंग, स्पिंडल, गाइडवे झिजतात आणि दुरुस्तीचा खर्च चढतो. समजा पाच वर्षांची दुरुस्ती अनुक्रमे ४,०००, ८,०००, १५,०००, २४,००० आणि ३०,००० झाली. घटत्या शिलकेच्या घसाऱ्यात ती मिळवली तर वर्षाचा एकूण भार ६६,५००, ५८,०००, ५५,०००, ५६,००० आणि ५५,६०० येतो. पहिलं वर्ष सोडलं तर जवळपास सपाट. सरळ रेषेच्या ४२,०२० मध्ये मिळवली तर तोच भार ४६,०२० पासून चढत ७२,०२० पर्यंत जातो, आणि जुनं मशीन वापरणारं वर्ष विनाकारण वाईट दिसतं. अशा यंत्राला घटती शिल्लक योग्य. कपाटं, टेबलं, शेड यांचा उपयोग दरवर्षी साधारण सारखाच असतो, तिथे सरळ रेषा पद्धत प्रामाणिक चित्र देते आणि सोपीही आहे. दुरुस्तीचा हा युक्तिवाद सगळ्याच यंत्रांना लागू होत नाही. जे मशीन पाच वर्षं एकसारखं चालतं आणि एक दिवस बंद पडतं, त्याला सरळ रेषाच जवळची.

एक शंका हमखास निघते, मशीन बंद पडून राहिलं तर? २०२०-२१ मध्ये लॉकडाऊनमुळे अनेक वर्कशॉप काही काळ बंद होती. काळावर आधारलेल्या या दोन्ही पद्धतींत तेवढ्यासाठी घसारा थांबत नाही, कारण मशीन उभ्या उभ्याही जुनं होतं. वरच्या कोष्टकात त्या वर्षीचे ४२,०२० आणि ४०,००० तसेच राहतात.

आयकराचा हिशोब पूर्ण वेगळा ठेवा. तिथे तुमची पद्धत, आयुष्य, मोड किंमत यांपैकी काहीही विचारलं जात नाही. सर्वसाधारण यंत्रांचा एक गट धरतात आणि त्या गटाच्या शिलकेवर १५ टक्के घटत्या शिलकेने घसारा मिळतो. आपल्या लेथवर पहिल्या वर्षी तो ४६,८७५ होतो. सरळ रेषेची मुभा वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांसारख्या मोजक्यांनाच आहे. महिने मोजत नाहीत. मशीन त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण. १ ऑक्टोबरला वापरात आलेलं लेथ ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस भरतं, म्हणून पुस्तकात सहा महिन्यांचा घसारा असूनही आयकरात पूर्ण वर्षाचा मिळतो. आणखी आठवडाभर उशीर झाला की निम्मा. विक्रीची रक्कमही गटातून वजा होते, त्यामुळे गटात शिल्लक आणि इतर यंत्रं असतील तोवर त्या एका मशीनचा नफा-तोटा वेगळा निघत नाही. तुमच्या लेखाकर्माच्या पेपरात १५ टक्के दिसले म्हणून हे नियम तिथे लावू नका.

शेवटचं, पद्धत बदलण्याचं गणित. जुन्या प्रश्नपत्रिकांत बदल झाला की पहिल्या वर्षापासूनचा घसारा नव्या पद्धतीने पुन्हा काढून फरक नफा-तोट्याला टाकायला सांगतात. ती लेखांकन मानक ६ ची रीत होती. २०१६ मध्ये सुधारित मानक १० आलं आणि पद्धतीतला बदल हा अंदाजातला बदल मानला गेला, म्हणजे मागचं उकरायचं नाही, उरलेली शिल्लक उरलेल्या आयुष्यावर वाटायची. आपल्या लेथला दोन वर्षं घटती शिल्लक लावून १ एप्रिल २०२० पासून सरळ रेषेवर आणलं, तर शिल्लक २,००,०००, त्यातून मोड किंमत १,०२,४०० वजा, राहिले ९७,६००, तीन वर्षांत वाटले की दरवर्षी सुमारे ३२,५३३. नव्या पद्धतीने सुरुवातीपासूनचे ४२,०२० इथे येत नाहीत, कारण पहिल्या दोन वर्षांनी आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार आधीच उचललेला आहे. तुमच्या अभ्यासक्रमात यातली कोणती रीत आहे ते पुस्तकाच्या आवृत्तीवरून कळेल. प्रश्नात "पूर्वलक्षी प्रभावाने" असे शब्द असतील तर जुन्या रीतीने सोडवा.